नऊ तासांची रेघ

अल्का गणवीर सकाळी साडेसातला ट्रस्टच्या दवाखान्यातलं औषधाचं दुकान उघडायची. शटर वर, बल्ब चालू, फ्रिजचा काटा बघायचा, मग खुर्ची. नऊ वर्षं हाच क्रम. गोंदियात त्या दवाखान्याला नुसतं 'ट्रस्ट' म्हणत. राईस मिलचे हमाल, बिडीच्या कारखान्यातल्या बाया, स्टेशनावरचे ऑटोवाले, सगळे तिथंच येत, आणि त्यातले निम्मे अल्काला नावानं ओळखत.

ती मूळची सौंदडची. शिक्षण झालं आईच्या बिड्यांवर. आई दिवसाला हजार बिड्या वळायची आणि अल्का कॉलेजातून आली की तेंदूची पानं कापून द्यायची. बी. फार्म. झालेली ती त्यांच्या मोहल्ल्यातली पहिली मुलगी. लोकांना वाटायचं, आता ही मोठ्या कंपनीत जाईल. ती काउंटरवर बसली, आणि तिला ते आवडलं. गोळ्यांचं पाकीट हातात ठेवताना ती प्रत्येकाला दोन वाक्यं जास्त बोलायची. दम्याच्या पेशंटला तर हमखास: बिडी सोडा. आईच्या बिड्यांवर शिकलेली मुलगी हे सांगते याची तिला कधी लाज वाटली नाही. लोक ऐकून घेत, हसत, आणि दाराबाहेर जाऊन पेटवत.

२००६ सालचा एप्रिल होता. मंगळवार. दुकान उघडून पाच मिनिटं झाली नव्हती, तोच नंदाबाई कापगते चिठ्ठी घेऊन आली. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात वेगवेगळ्या चपला.

तिचा नवरा जागेश्वर राईस मिलमध्ये धानाची पोती वाहायचा. पंचावन्न वर्षांचा, पन्नास किलोचा माणूस. कोंड्याची धूळ आणि पस्तीस वर्षांची बिडी, दोन्हींनी मिळून छाती खाल्लेली. गेली दोन वर्षं तो श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफायलिनच्या गोळ्यांवर होता. सव्वाशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दर सहा तासांनी, दिवसातून चार वेळा. त्याच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं ते या गोळ्यांसाठीच घेतलेलं.

अल्कानं चिठ्ठी वाचली. अमिनोफायलिन, अडीचशे मिलिग्रॅम, सलाइनमधून. म्हणजे तेच औषध, पण शिरेतून. तिनं अँप्युल काढायला हात वर केला आणि सवयीनं विचारलं, काय झालं म्हणून.

नंदाबाईनं सांगितलं ते तिनं नीट ऐकलं. दोन दिवसांपासून जेवण जात नव्हतं. काल तीनदा ओकला. रात्रभर झोप नाही. आज सकाळी सहाच्या गोळ्या घेतल्या आणि हात असे थरथरायला लागले की चहाची बशी धरता येईना. छातीत धडधड. दम तर होताच. मग शेजारच्या ऑटोत घालून आणलं.

अल्काचा हात कपाटावरच थांबला. दमा वाढला की माणूस धापा टाकतो, हे खरं. पण ओकारी, थरथर, धडधड, झोप उडणं, ही यादी तिनं दुसऱ्याच धड्यात वाचली होती. थिओफायलिन रक्तात जास्त झालं की हेच होतं. मिलिलिटरमागे वीस मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की उलट्या सुरू होतात, त्याहून वर गेलं की हृदयाचे ठोके चुकतात, आणि मग झटके येतात. झटक्यांतून सगळे परत येत नाहीत.

तिनं अँप्युल काढली नाही. दुकान बाजूला केसपेपर काढणाऱ्या मुलीच्या भरवशावर टाकून ती चिठ्ठी हातात घेऊन वॉर्डात गेली.

डॉ. प्रफुल बिसेन पलंगाजवळ उभे होते. चांगले डॉक्टर, घाईचे डॉक्टर. ओपीडीत साठ माणसं बसलेली असायची आणि तरी ते पेशंटचा हात हातात घेऊन बोलायचे. जागेश्वर उशांना टेकून बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी. श्वास शिटीसारखा वाजत होता. शकुंतलाबाई सिस्टरनं नाडी मोजून एकशे चाळीस सांगितली. मध्येच एखादा ठोका चुकतो, हेही सांगितलं.

अल्कानं हळू आवाजात म्हटलं की सर, हे औषध जास्त झाल्याचं तर नाही ना. बिसेन म्हणाले, दोन वर्षं हाच डोस चालू आहे, याच्यासाठी मोजून काढलेला डोस आहे, ग्राफ फाइलमध्ये लावलेला आहे. ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी फार्मसी कॉलेजच्या विवेक रामटेकेनं या दवाखान्यातल्या काही दमेकऱ्यांचं रक्त तपासून प्रत्येकाचा ग्राफ काढला होता. विवेक अल्काचा वर्गमित्र. त्या ग्राफवर बिसेनांचा मोठा विश्वास होता, आणि तो रास्तही होता. जागेश्वरचं औषध पाच तासांत निम्म्यावर येतं, म्हणून याला सहा तासांनी गोळ्या लागतात, हे त्यांनी त्यावरूनच ठरवलं होतं.

"सर, एक तास द्या," अल्का म्हणाली. "रक्तात किती आहे ते बघू. कमी निघालं तर सुई मीच आणून देते."

"आणि तासाभरात हा माणूस दमला तर?"

"आणि आत्ताच जास्त असेल आणि वर आपण दिलं तर?"

बिसेन तिच्याकडे बघत राहिले. औषधाच्या दुकानातल्या बाईनं वॉर्डात येऊन डॉक्टरांची चिठ्ठी अडवावी, हे तिथं कधी झालं नव्हतं. तिच्या हातातल्या कागदाचा कोपरा घामानं ओला झाला होता. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, तोपर्यंत नेब्युलायझरची वाफ द्या आणि स्टेरॉइडची सुई द्या. पण नऊ वाजता मला आकडा पाहिजे.

सातला भरती करताना सिस्टरनं साखर, किडनी आणि यकृतासाठी रक्त घेतलं होतं, त्यातलं थोडं लॅबमध्ये उरलं होतं. आठला अल्कानं दुसरी नळी भरून घेतली. दोन्ही नळ्यांवर वेळ लिहिली, बर्फाच्या डब्यात ठेवल्या, आणि अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर चैतराम तो डबा घेऊन कॉलेजकडे निघाला. विवेकला तिनं फोनवर सांगितलं. तो पहिला तास सोडून प्रयोगशाळेत जाऊन बसला. रक्तातलं वरचं पिवळं पाणी काढायचं, क्लोरोफॉर्मबरोबर हलवायचं, त्यातून औषध कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ओढून घ्यायचं, आणि मग स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये अतिनील प्रकाश त्यातून पाठवून किती अडतो ते बघायचं. पाऊण तासाचं काम. तो फार हुशार नव्हता, पण हाताचा स्वच्छ होता, आणि त्या कामाला तेच लागतं.

सव्वानऊला फोन आला. सातचं पंचवीस. आठचं अठ्ठावीस.

बिसेनांनी आकडा ऐकला आणि खिशातलं पेन काढून केसपेपरवरची अमिनोफायलिनची ओळ स्वतः खोडली. मग जागेश्वरच्या पायाशी उभं राहून त्यांनी हृदयाच्या ठोक्यांचा कागद, ईसीजी, काढायला सांगितला. पोटात दिलं तर हे औषध शोषून घेणारी कोळशाची पूड दवाखान्यात नव्हती, आणि असती तरी इतक्या ओकाऱ्यांत टिकली नसती. आता एकच उपाय होता: शरीरानं ते औषध बाहेर काढेपर्यंत थांबायचं.

किती थांबायचं, हाच प्रश्न होता.

कारण दमा खोटा नव्हता. छाती वाजत होती. औषध उतरत जाईल तशी ती आणखी आवळणार, आणि मग द्यायला हाताशी फारसं काही नव्हतं. बिसेनांनी जुना ग्राफ फाइलमधून काढून टेबलावर पसरला. पाच तासांत निम्मं. आठला अठ्ठावीस, म्हणजे एकला चौदा. दोन वाजता बारा. बारा म्हणजे दमा आवरणारा, पण त्रास न देणारा आकडा. त्यांनी सांगून टाकलं की दोन वाजता गरज पडली तर अमिनोफायलिन देऊ, तोपर्यंत वाफेवर काढू. हिशोब चोख होता.

अल्कानं मान हलवली, पण अकराला आणखी एक नळी घेऊ द्या म्हणाली. बिसेन म्हणाले, घ्या.

जागेश्वर डोळे मिटून बसला होता. त्याच्या बोटांची थरथर चादरीवर दिसत होती. नंदाबाई पलंगाजवळ खाली बसून राहिली. तिला कुणी काही समजावलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की डॉक्टर सुई देणार होते आणि या बाईनं ती थांबवली. ती अल्काकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता की नुसती भीती, हे अल्काला ओळखता येईना.

अकराच्या रक्ताचा आकडा बाराला दहा मिनिटं कमी असताना आला. बावीस.

अल्कानं फोन ठेवला आणि जुन्या ग्राफवर बोट फिरवलं. पाच तासांच्या हिशोबानं अकराला साडेअठरा यायला पाहिजे होतं. तिनं विवेकला परत फोन लावून पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं दोनदा वाचलं. बावीसच.

मग बारा वाजले आणि लाइट गेली.

त्या उन्हाळ्यात गोंदियात लोडशेडिंग रोजचं होतं. कॉलेजच्या भागात बारा ते तीन. दवाखान्याला जनरेटर होता, कॉलेजला नव्हता. इन्व्हर्टरवर ऑफिसातले दोन पंखे आणि कॉम्प्युटर चालत. स्पेक्ट्रोफोटोमीटर त्याच्यावर घेत नाही, विवेकनं सांगितलं. घेतलं तरी आकड्याचा भरवसा नाही. म्हणजे दोन वाजताचं रक्त तीनच्या आधी वाचता येणार नव्हतं. आणि बिसेनांची सुई दोनची होती.

अल्का दुकानात परत आली. गर्दी लागली होती. पाकिटं बांधताना तिचं डोकं एकाच जागी अडकलेलं. बावीस का? शरीर तेच, किडनी ठीक, सकाळच्या रिपोर्टात यकृतही ठीक. या औषधाला रोखून धरणारी काही अँटिबायोटिक्स असतात, त्यातलं एखादं कुणी दिलं असेल का? ती वॉर्डात गेली, नंदाबाईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं. गेल्या महिन्यात कुठल्या डॉक्टरकडे गेले होते? ताप आला होता? मेडिकलमधून काही घेतलं? जडीबुटी? पिशवीतली सगळी औषधं तिनं फरशीवर ओतायला लावली. थिओफायलिन. आणि काहीच नाही.

"मंग काय बदललं काकू? खाणं, काम, काहीही."

नंदाबाई औषधं पिशवीत परत भरू लागली. मग म्हणाली, "काई नाई बदललं. बिडी सोडलन फक्त."

"कधी?"

"महिना व्हत आला. आमच्या रेणूले पोरगा झाला नं, तं पोरीनं सांगितलन, बाबा बिडीचा वास घेऊन लेकराजवळ येजा नको. तई तेनं बंडल चुलीत टाकलन. तुमी बी तं म्हनत होत्या कितीक दिसापासून."

अल्का व्हरांड्याच्या कठड्यावर टेकली. उन्हानं तापलेला दगड हाताला भाजत होता तरी तिनं हात काढला नाही.

ते तिला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, पाच मार्कांच्या उत्तरात. धुरातली काही द्रव्यं यकृताला जास्त कामाला लावतात. बिडी ओढणाऱ्याचं यकृत थिओफायलिन भराभर संपवतं, म्हणून त्याला डोस जास्त लागतो. बिडी सुटली की यकृत आठवडाभरात आपल्या मूळ चालीवर येतं. डोस मात्र तोच राहतो. मग दर सहा तासांनी जुनं औषध पुरतं निघायच्या आधीच नवं येऊन पडतं, आणि थर साचत जातो.

जुना ग्राफ चुकीचा नव्हता. तो बिडी ओढणाऱ्या जागेश्वरचा होता.

आणि दोन वर्षं दर महिन्याला काउंटरवरून बिडी सोडा, बिडी सोडा, असं त्याला कोणी सांगितलं होतं? मागच्या वेळी गोळ्या घेताना तो हसून म्हणाला होता, सोडली बाई. तिनं शाबास म्हटलं होतं, आणि त्याच गोळ्या, तितक्याच, पाकिटात घालून दिल्या होत्या. पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, दर सहा तासांनी.

तिनं तोंडावर पाणी मारलं. मग दुकानातून आपली जुनी वही काढली. वहीच्या मागच्या खिशात कॉलेजच्या दिवसांपासूनचा विशेष ग्राफ पेपर होता. त्यावर उभ्या रेघा समान अंतरावर असतात, आडव्या रेघा मात्र वर जाताना दाटत जातात. साध्या कागदावर औषध उतरतं ते वाकत वाकत, घसरगुंडीसारखं. या कागदावर तेच उतरणं सरळ रेघ होतं, आणि सरळ रेघ पट्टीनं पुढं वाढवता येते. तिनं आडव्या अक्षावर वेळ मांडली, उभ्यावर रक्तातला आकडा. सातला पंचवीस. आठला अठ्ठावीस. सहाच्या गोळ्या पोटातून रक्तात उतरायला तेवढा वेळ लागला होता. आठचा तो बिंदू सगळ्यांत उंच, तेच शिखर. सातचा बिंदू तिनं रेघेत घेतला नाही, कारण तेव्हा औषध अजून चढत होतं, उतरत नव्हतं. उतार आठपासून पुढं. अठ्ठावीस आणि बावीस या दोन बिंदूंना पट्टी लावून तिनं रेघ ओढली आणि खाली नेली. चौदाला रेघ जिथं भेटली तिथून सरळ खाली बोट आणलं. खाली पाचचा आकडा होता, संध्याकाळचे पाच. आठ ते पाच. नऊ तास.

दोन बिंदूंची रेघ. दोन बिंदूंतून कुठलीही रेघ जाते, हे तिला माहीत होतं. विवेकचा हात अकराच्या नळीला एकदा चुकला असेल तर ही रेघही चुकली.

पावणेदोनला वॉर्डातून निरोप आला. जागेश्वरला दम वाढला होता.

ती पोचली तेव्हा तो पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होता. ओठांचा रंग उतरलेला. नंदाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. बिसेन नुकतेच ओपीडी सोडून आले होते.

"मॅडम, अँप्युल आणा," ते म्हणाले. "दोन वाजतच आलेत. आता बारावर असेल."

अल्कानं ग्राफ त्यांच्यासमोर धरला आणि बिडीचं सांगितलं.

बिसेनांनी कागद घेतला. बिडीचं ऐकून त्यांचे डोळे क्षणभर मिटले. त्यांनीही ते कधीतरी वाचलेलंच होतं. पण मग ते म्हणाले, "दोन पॉइंट आहेत. तिसरा कुठंय?"

"तिसरं रक्त आत्ता काढते. पण आकडा चारला येईल. कॉलेजात लाइट नाही."

"आणि चारपर्यंत हा बसेल असा?"

नंदाबाई एकदम उठली. "बाई, देऊन टाका नं जे काई देता ते," ती म्हणाली. "सकाळपासून कागदच पाहून राहिल्या तुमी. मानूस मरून राहिला इथं."

अल्कानं डॉक्टरांकडे बघितलं आणि कागदावर बोट ठेवलं.

"सर, जुन्या रेघेनं आत्ता बारा आहे. या रेघेनं साडेसतरा. अडीचशेची सुई याच्या रक्तातला आकडा साधारण आठनं वाढवते. जुनी रेघ खरी असली तर वीस होईल. माझी खरी असली तर पंचवीसच्या वर. सकाळी अठ्ठावीसवर ठोके चुकत होते." ती थांबली. "माझी चुकली आणि आपण सुई नाही दिली, तर याला दोन तास त्रास होईल. तुमची चुकली आणि दिली, तर झटके येतील. चुकायचंच असेल तर मला पहिली चूक चालेल."

बिसेनांनी स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंनी छाती ऐकली, पाठीवरून ऐकली. मग सिस्टरला म्हणाले, स्टेरॉइडचा दुसरा डोस द्या, वाफेत ते दुसरं औषध घाला, नाडी वाढवत नाही ते, आणि वीस मिनिटांनी परत द्या. स्वतः स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. ओपीडीला निरोप पाठवला की बाकीच्यांनी चारनंतर यावं.

दोनला रक्त काढलं. चैतराम डबा घेऊन गेला. विवेकनं क्लोरोफॉर्मचं काम खिडकीच्या उजेडात उरकून ठेवलं आणि मशीनसमोर बसून राहिला.

त्या दोन तासांबद्दल अल्का पुढं फारसं बोलत नसे. ती दुकानात गेली नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून जागेश्वरची छाती वर-खाली होताना मोजत राहिली. एका मिनिटात छत्तीस. थोड्या वेळानं चौतीस. पुन्हा छत्तीस. एकदा त्याचा डावा हात जोरानं झटकला गेला आणि ती पुढं धावली, पण तो नुसता माशीला हाकलत होता. अडीचच्या सुमाराला त्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. ते पाणी पोटात राहिलं. सकाळपासून पहिलंच.

तीनला कॉलेजात लाइट आली नाही. सव्वातीनलाही नाही. बिसेनांनी घड्याळ बघितलं, तिनं बघितलं. मशीन तापायलाच अर्धा तास लागतो हे दोघांना माहीत होतं. तीन वीसला विवेकचा फोन आला, आली म्हणून. आणि मग चारला दहा मिनिटं असताना पुन्हा.

"सतरा पूर्णांक चार," तो म्हणाला. "दोनदा वाचलं."

अल्कानं आकडा मोठ्यानं परत म्हटला. बिसेनांनी ग्राफ मागून घेतला, खिशातल्या पेनानं स्वतः दोनच्या उभ्या रेघेवर बिंदू दिला. तो तिच्या रेघेवर बसला, केसभर खाली. बारा कुठं आणि सतरा कुठं. सुई दिली असती तर आत्ता या पलंगावर काय चाललं असतं, हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत असणार.

"पाचला अजून एक घ्या," एवढंच म्हणाले.

पाचचं चौदा आलं. आठला अठ्ठावीस, पाचला चौदा. तोवर जागेश्वरची नाडी एकशे चारवर उतरली होती, आणि स्टेरॉइडनं हळूहळू छाती मोकळी करायला घेतली होती. त्याला भूक लागली होती. नंदाबाईनं कँटीनमधून भाताची पेज आणली आणि चमच्यानं भरवली. उरलेली पेज तिनं वाटीत घालून अल्कापुढं सरकवली. अल्कानं ती उभ्या उभ्याच प्यायली.

मग पुढचा डोस ठरवायला दोघं डॉक्टरांच्या खोलीत बसले. बिसेनांनी विचारलं आणि तिनं सांगितलं. नऊ तासांत निम्मं होतं तर सहा तासांनी देण्यात अर्थ नाही; साचणारच. त्याच दोन गोळ्या बारा तासांनी दिल्या, तर दिवसाला औषध निम्मं जातं. दोन-तीन दिवसांत आकडा एका ठिकाणी स्थिरावेल: गोळ्यांनंतर वर सोळा-सतराच्या आसपास, पुढच्या गोळ्यांआधी खाली साडेसहा-सातला. वीसच्या वर जाणार नाही, आणि अगदी रिकामंही होणार नाही. सुरुवात कधी? तिच्या रेघेनं रात्री दोनला आकडा सातवर येत होता, तिथून सुरू करता आलं असतं. बिसेन म्हणाले, मला घाई नाही, सकाळी सहाला द्या, तेव्हा पाचवर असेल, पंधरापर्यंत चढेल. तसंच ठरलं.

दोन दिवसांनी जागेश्वर टेकून न बसता झोपला. पाचव्या दिवशी घरी जायला निघाला तेव्हा अल्का स्वतः गोळ्या घेऊन वॉर्डात गेली. तिला त्याला समजावून सांगायचं होतं, आणि आपली चूकही सांगायची होती. तिनं सांगितली. बिडी सोडल्यावर गोळ्या कमी करायला पाहिजे होत्या, ते माझ्या लक्षात आलं नाही, असं सरळ म्हणाली.

जागेश्वर ऐकत होता. मग त्यानं जरा विचार करून विचारलं, "मंग बिडी परत धरू का जी? गोळ्या तं तवाच बराबर लागत होत्या."

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या दृष्टीनं तो साधा हिशोब होता, आणि त्यात एक तर्कही होता. अल्काला हसू आलं नाही. ती त्याच्या पलंगावर बसली आणि म्हणाली की नाही जागेश्वरभाऊ, बिडी नाहीच. गोळ्या तुमच्या मागं चालतील, तुम्ही गोळ्यांच्या मागं नाही. आणि कधी चुकून परत धरली, एक जरी ओढायला लागलात, तर लपवू नका. मला येऊन सांगा. मी रागावणार नाही.

नंदाबाई म्हणाली, "मी रागावीन."

पंधरा दिवसांनी तो रक्त द्यायला आला. गोळ्यांनंतर दोन तासांनी सोळा, पुढच्या गोळ्यांच्या आधी सात. बिसेनांनी फाइलमधला जुना ग्राफ फाडून फेकला नाही. त्याच्यावर लाल शाईनं लिहिलं, 'बिडी चालू असताना', आणि नवा त्याच्या वर टाचला.

त्या आठवड्यात अल्कानं दुकानातलं रजिस्टर काढून थिओफायलिन घेणाऱ्या सगळ्यांची नावं एका कागदावर उतरवली. तेवीस माणसं होती. प्रत्येकाला ती आता एकच प्रश्न आधी विचारू लागली, दिवसाला किती बिड्या, आणि मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त. आणखी दोघांनी सोडली होती. त्यातला एक, स्टेशनावरचा हमाल केशोराव, म्हणाला की हो, हल्ली रात्री झोप लागत नाही आणि हात थोडे कापतात, पण वय झालं म्हणून असेल.

तिनं त्याला बाकावर बसवलं, सकाळच्या गोळ्या किती वाजता घेतल्या ते विचारलं, आणि चैतरामला बर्फाचा डबा आणायला सांगितलं.